उपड्या बाटलीतली पाण्याची वाफ

१७६६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीत हेन्री कॅव्हेंडिश याचे वायूंविषयीचे निबंध वाचले गेले. तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता आणि त्याच्या नावावर छापलेले असे जवळजवळ काही नव्हते. या निबंधांसाठी त्याला त्याच वर्षी सोसायटीचे कॉप्ली पदक मिळाले. रसायनशास्त्राच्या इतिहासात ते हायड्रोजनच्या शोधासाठी ओळखले जातात, आणि ते योग्यच आहे. पण त्या पानांत एक नोंद अशी आहे की तिच्याकडे सहसा कोणी थांबून बघत नाही. पाण्यातून गोळा केलेली ज्वलनशील हवा कोरडी नसते, तिच्या वजनाचा सुमारे एक नवमांश भाग ओलाव्याचा असतो, असे कॅव्हेंडिशने मोजून लिहिले आहे.

आज अकरावी-बारावीचा विद्यार्थी पाण्यावर गोळा केलेल्या वायूचे गणित सोडवतो तेव्हा तो एकूण दाबातून पाण्याचा बाष्पदाब वजा करतो आणि उरलेला दाब PV = nRT मध्ये घालतो. ही वजाबाकी पुस्तकात एका ओळीत उरकते. ती करावी हे माणसाला कळायला मात्र शंभरेक वर्षे लागली. त्या काळात कॅव्हेंडिशचा हा एक नवमांश म्हणजे पहिला भरवशाचा आकडा आहे, असे माझे मत आहे. तो किती बरोबर होता हे आपण आज पडताळून पाहू शकतो.

पाण्यावर वायू धरण्याची रीत कॅव्हेंडिशची नव्हे. ती स्टीफन हेल्स याची. लंडनजवळच्या टेडिंग्टन गावातला हा धर्मोपदेशक झाडांच्या रसाचा दाब मोजत असे, आणि पदार्थ तापवल्यावर त्यांतून किती ‘हवा’ निघते हेही त्याला मोजायचे होते. १७२७ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने त्यासाठीची मांडणी दाखवली. बंदुकीची नळी वाकवून तिच्या बंद टोकात पदार्थ ठेवायचा आणि ते टोक भट्टीत तापवायचे. दुसरे टोक पाण्याच्या टबात, पाण्यानेच भरून उपड्या टांगलेल्या काचेच्या भांड्याखाली न्यायचे. वायूचे बुडबुडे वर चढतात, पाणी खाली सरते, आणि जेवढे पाणी सरले तेवढे वायूचे आकारमान. वायू तयार होतो ती जागा आणि वायू साठतो ती जागा हेल्सने वेगळी केली, हे त्याचे मोठे काम. निघालेल्या वायूंचे प्रकार वेगळे असतील असे त्याच्या मनात आले नाही. त्याच्या लेखी ती सगळी हवाच होती आणि त्याला तिचे माप हवे होते.

पाण्याची निवड सोयीची होती. ते स्वस्त असते, पारदर्शक असते आणि भांड्याच्या तोंडाशी आपोआप सील बनते. पण ते नुसते सील नसते. कुठल्याही तापमानाला पाण्याच्या पृष्ठभागावरून रेणू सुटत असतात आणि बंद भांड्यात ते वायूत मिसळून राहतात. ज्या भांड्यात आपण वायू धरला त्यात पाण्याची वाफही धरली गेली, हे हेल्सच्या रीतीत पहिल्या दिवसापासून होते. ती वाफ दिसत नाही. तिला वास नाही, रंग नाही, आणि आकारमान बघून ती ओळखू येत नाही.

कॅव्हेंडिशने जस्त, लोखंड आणि कथील हे तीन धातू आम्लात विरघळवून निघालेली हवा पाण्यावर गोळा केली. त्याचे माप औंसाचे होते. एक औंस पाणी जेवढ्या जागेत मावते ते एक औंस-माप. त्याला एक औंस जस्तापासून सुमारे ३५६ औंस-मापे हवा मिळाली, लोखंडापासून सुमारे ४१२ आणि कथलापासून सुमारे २०२. जस्त गंधकाच्या आम्लात विरघळवले काय किंवा मिठाच्या आम्लात काय, हवा तेवढीच निघते असेही त्याने पाहिले. त्यावरून त्याने ठरवले की ही हवा आम्लातून नव्हे, धातूतूनच बाहेर पडत असणार. त्या काळी धातूत ‘फ्लॉजिस्टन’ नावाचे ज्वलनशील तत्त्व असते असे मानत, आणि आपल्या हाती तेच आले असावे असा त्याचा कयास होता. हा निष्कर्ष चुकला. हायड्रोजन आम्लातूनच येतो, धातूच्या वजनावर फक्त तो किती यावा हे ठरते. आकडे मात्र चुकले नाहीत, आणि आपल्याला त्यांच्याशीच काम आहे.

औंस आणि औंस-माप यांची सोय अशी की गणितात दोन्ही एकमेकांना कापतात. एक औंस जस्ताला ३५६ औंस-मापे, म्हणजेच एक ग्रॅम जस्ताला ३५६ मिलिलिटर. आता आपल्या पद्धतीने हिशेब करू. जस्ताचे अणुवजन ६५.३८, म्हणून एक ग्रॅम म्हणजे ०.०१५३ मोल. एका मोल जस्तापासून एक मोल हायड्रोजन मिळतो, म्हणजे हायड्रोजनही ०.०१५३ मोल. लंडनमधल्या थंड खोलीचे तापमान १० अंश सेल्सिअस धरू, म्हणजे २८३ केल्व्हिन, आणि हवेचा दाब पाऱ्याचे ७६० मिलिमीटर. दाब मिलिमीटरमध्ये आणि आकारमान लिटरमध्ये घेतले की R चे मूल्य ६२.३६ येते.

वाफेचा विचार न करता सगळाच ७६० मिलिमीटर दाब हायड्रोजनचा मानला, तर आकारमान ३५५ मिलिलिटरच्या थोडे वर जाते. पण १० अंशांना पाण्याचा बाष्पदाब ९.२ मिलिमीटर असतो. भांड्यातला एकूण दाब बाहेरच्या हवेइतकाच, म्हणजे ७६०. त्यातले ९.२ मिलिमीटर वाफ उचलते, म्हणून हायड्रोजनच्या वाट्याला ७५०.८ येतात. तेवढाच हायड्रोजन कमी दाबाखाली असला की जागा जास्त व्यापणार. ७६० च्या जागी ७५०.८ ने भागले की उत्तर ३६० मिलिलिटर येते. कॅव्हेंडिशचा आकडा ३५६ आहे. अडीचशे वर्षांपूर्वी, टबात उपड्या ठेवलेल्या बाटलीने घेतलेले हे माप आजच्या उत्तरापासून एक टक्क्याच्या आसपास दूर आहे. लोखंडाला हाच हिशेब लावला तर ४२१ यायला हवे आणि त्याचे ४१२ आहेत. कथलाला १९८ यायला हवे आणि त्याचे २०२ आहेत.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. जस्ताचा आकडा ३५५ आणि ३६० यांच्या मध्ये, किंबहुना कोरड्या वायूच्या उत्तराच्या अधिक जवळ पडतो. त्यावरून कॅव्हेंडिशच्या वायूत वाफ नव्हती असे म्हणता येत नाही, आणि होती असेही सिद्ध होत नाही. जस्त शंभर टक्के शुद्ध नसेल, खोलीचे तापमान तीन अंशांनी इकडेतिकडे असेल, तर उत्तर चार-पाच मिलिलिटर सहज हलते. थंड खोलीत वाफेचा वाटा दाबाच्या सव्वा टक्क्याहून कमी असतो. आकारमान मोजणाऱ्याच्या हाताला एवढा फरक जाणवणारच नाही. हेल्सला तो जाणवला नाही, आणि त्याच्या मागून आलेल्या अनेकांनाही नाही, यात त्यांचा निष्काळजीपणा नव्हता.

कॅव्हेंडिशला तो कळला, कारण तो वायू तोलायला बसला.

त्याला या हवेची घनता हवी होती. जनावराच्या मूत्राशयाच्या पिशवीत वायू भरून ती तोलणे ही एक रीत होती. दुसरी रीत अधिक चतुर होती. आम्ल आणि धातू यांची बाटली आधी तोलायची, वायू निघून गेल्यावर पुन्हा तोलायची, आणि वजनातली घट हे निघालेल्या वायूचे वजन मानायचे. पण वायूबरोबर आम्लाचे तुषार आणि पाण्याचा ओलावाही बाटलीबाहेर जातो आणि घट फुगते. म्हणून त्याने वायूच्या वाटेत एक नळी बसवली आणि तिच्यात कोरडी पर्ल अ‍ॅश भरली. लाकडाच्या राखेपासून काढलेला हा क्षार, म्हणजे मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट, ओलावा झटकन शोषून घेतो. नळीचे वजन किती वाढले यावरून वायूत किती ओलावा होता हे कळते.

असे करून त्याने दोन आकडे दिले. ओलाव्यासकट ही हवा पाण्यापेक्षा ७८४० पट हलकी, आणि ओलावा काढून टाकल्यावर ८७६० पट हलकी, म्हणजे साध्या हवेपेक्षा सुमारे ११ पट हलकी. ओलाव्याचा वाटा वजनाच्या एक नवमांशाजवळ.

हा एक नवमांश बरोबर आहे का? एक लिटर ओला हायड्रोजन घेऊ, पुन्हा १० अंशांना. त्यात हायड्रोजनचा दाब ७५०.८ मिलिमीटर. PV = nRT वरून त्याचे मोल काढून २.०१६ ने गुणले की वजन ८५.८ मिलिग्रॅम येते. त्याच लिटरमध्ये वाफेचा दाब ९.२ मिलिमीटर. तिचे मोल काढून १८ ने गुणले की ९.४ मिलिग्रॅम. म्हणजे वाफेचे वजन हायड्रोजनच्या वजनाच्या जवळजवळ एक नवमांश आहे. एकूण ओल्या वायूच्या वजनात तिचा वाटा एक दशांश पडतो, आणि खोली दोन अंशांनी उबदार, म्हणजे १२ अंशांची असली तर तोही नेमका एक नवमांश होतो. कॅव्हेंडिशने राखेच्या नळीने मोजलेले उत्तर हे असे आजच्या बाष्पदाबाच्या तक्त्याशी जुळते.

या मोजणीचे मर्म त्या दोन रेणूंच्या वजनांत आहे. आदर्श वायूच्या नियमात रेणू कोणत्या पदार्थाचा आहे हे कुठेच येत नाही, फक्त त्यांची संख्या येते. म्हणून दाबात आणि आकारमानात वाफेचा वाटा तिच्या रेणूंच्या संख्येइतकाच असतो, शंभरात एकाला थोडा जास्त. वजनात मात्र पाण्याचा प्रत्येक रेणू हायड्रोजनच्या रेणूच्या नऊपट भारी ठरतो, आणि सव्वा टक्क्याची गोष्ट दहा टक्क्यांवर जाते. हाच प्रयोग ऑक्सिजनवर केला असता तर? ऑक्सिजनचा रेणू ३२ चा, पाण्याचा १८ चा. तिथे ओलाव्याचा वाटा वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी निघाला असता, शिवाय ओला वायू कोरड्यापेक्षा हलका भरला असता. कॅव्हेंडिशच्या हाती सर्वांत हलका वायू लागला होता, म्हणूनच त्याच्या तराजूला पाणी दिसले.

त्याचे निव्वळ आकडे मात्र कमी पडतात. कोरडा हायड्रोजन साध्या हवेपेक्षा ११ नव्हे, १४.४ पट हलका असतो. ही चूक भयंकर वाटते, पण हिशेब केला तर गोळा केलेल्या वायूत आकारमानाने जेमतेम सव्वादोन टक्के साधी हवा मिसळली तरी १४.४ चे ११ होतात. पिशवीच्या कातड्यातून किंवा नळीच्या सांध्यातून एवढी हवा शिरायला वेळ लागत नाही. हायड्रोजनच्या हलकेपणाने ओलावा उघडा पाडला, आणि त्याच हलकेपणाने हवेच्या थोड्याशा भेसळीलाही मोठे करून दाखवले.

कॅव्हेंडिशच्या घरातच या कोड्याचा दुसरा अर्धा भाग पडलेला होता. त्याचे वडील लॉर्ड चार्ल्स कॅव्हेंडिश हे स्वतः उत्तम प्रयोग करणारे होते आणि तापमापींवरच्या कामासाठी त्यांनाही कॉप्ली पदक मिळालेले होते. त्यांनी पाण्यावरचा दाब कमी करत नेऊन ते कधी वाफ होऊ लागते हे पाहिले. ७२ अंश फॅरनहाइटला दाब पाऱ्याच्या पाऊण इंचावर आला की पाणी वाफ होऊ लागते आणि ४१ अंशांना पाव इंचावर आल्यावर, असे त्यांचे निरीक्षण हेन्रीने पुढे एका टिपेत नोंदवले. आपल्या मापात हे २२ अंशांना १९ मिलिमीटर आणि ५ अंशांना ६.४ मिलिमीटर होतात. आजच्या तक्त्यात हे आकडे २० आणि ६.५ आहेत. वडिलांच्या या दोन आकड्यांच्या मधून १० अंशांचा बाष्पदाब काढला तर तो ९ मिलिमीटरच्या जवळपास येतो. एका घरात वाफेचा दाबही मोजला गेला आणि वायूतला ओलावाही. या दोन मोजमापांचा संबंध जोडणारे वाक्य मात्र त्या घरातून आले नाही.

ते ज्याने लिहिले तो जॉन डाल्टन कॅव्हेंडिशच्या निबंधाच्याच वर्षी, सप्टेंबर १७६६ मध्ये, इंग्लंडच्या उत्तरेकडे कंबरलंडमधल्या ईगल्सफील्ड गावात जन्मला. तो रसायनाच्या वाटेने नव्हे, पावसाच्या वाटेने या प्रश्नापाशी आला. १७८७ पासून तो रोज हवामानाची नोंद ठेवत असे आणि मरेपर्यंत त्याने ती सोडली नाही. हवेत पाणी राहते कसे, हा त्याचा प्रश्न होता. तेव्हाच्या बहुतेक विद्वानांचे उत्तर असे, की मीठ जसे पाण्यात विरघळते तसे पाणी हवेत विरघळते. हवेचा आणि पाण्याचा काही रासायनिक ओढा असतो आणि त्याने वाफ धरून ठेवली जाते.

डाल्टनला हे पटत नव्हते, आणि त्याने ते साध्या बॅरोमीटरच्या नळीने तपासले. पाऱ्याच्या वर जी रिकामी जागा असते तिच्यात पाण्याचा थेंब सोडायचा, नळीभोवती ठराविक तापमानाचे पाणी ठेवायचे आणि पारा किती खाली ढकलला जातो ते वाचायचे. तो उतार म्हणजेच त्या तापमानाचा बाष्पदाब. गोठणबिंदूपासून उकळबिंदूपर्यंतचा तक्ता त्याने असा तयार केला. मग त्याने पाऱ्याच्या वर रिकामी जागा न ठेवता कोरडी हवा ठेवली आणि तिच्यात थेंब सोडला. हवेत पाणी विरघळत असेल तर हवा असताना वाफ वेगळ्या प्रमाणात यायला हवी होती. तसे झाले नाही. निर्वात जागेत वाफ जेवढा दाब देत होती तेवढाच दाब हवेच्या दाबात जाऊन मिळाला. पाण्याऐवजी ईथर घेतला, ज्याचा बाष्पदाब खूप जास्त असतो, तेव्हाही तेच. हवेने वाफेला धरलेही नव्हते आणि अडवलेही नव्हते. वाफेच्या दृष्टीने ती जागा रिकामीच होती.

ऑक्टोबर १८०१ मध्ये मँचेस्टरच्या लिटररी अँड फिलॉसॉफिकल सोसायटीत डाल्टनने हे निबंध वाचले आणि पुढच्या वर्षी ते छापले गेले. त्यांत एक छोटे सूत्र आहे. कोरड्या वायूचे आकारमान १ असेल, त्यावरचा दाब p असेल आणि त्या तापमानाला द्रवाचा बाष्पदाब f असेल, तर द्रवाच्या संगतीत वायू फुगून p/(p−f) इतकी जागा घेतो. १८० अंश फॅरनहाइटला पाण्याचा बाष्पदाब १५ इंचांच्या आसपास असतो. हवेचा दाब ३० इंच असताना त्या तापमानाच्या पाण्यावर धरलेला वायू कोरड्याच्या दुप्पट जागा व्यापतो, कारण अर्धा दाब वाफेने उचललेला असतो. आपण वर जस्तासाठी केलेली ७६० आणि ७५०.८ ची उलाढाल हीच. आज ज्याला आपण आंशिक दाबाचा नियम म्हणतो तो पाण्यावर धरलेल्या वायूसाठीच्या या सूत्रात आधीच पूर्ण आलेला आहे.

या निबंधांवर वाद झाला, आणि सर्वांत ठाम विरोध डाल्टनच्या गुरूकडून आला. केंडालचे जॉन गॉफ लहानपणी देवीच्या आजाराने आंधळे झाले होते. डाल्टन तरुणपणी केंडालमध्ये शिकवत असताना गणित, भाषा आणि हवामानाची रोजनिशी ठेवण्याची सवय त्याला गॉफ यांच्याकडूनच मिळाली. त्यांना मिश्र वायूंची ही उपपत्ती मान्य नव्हती आणि त्यांनी ते जाहीरपणे लिहिले. त्यांच्या आक्षेपात वजन होते. डाल्टनचे म्हणणे होते की एका वायूचे कण आपल्याच जातीच्या कणांना दूर ढकलतात, परक्या जातीच्या कणांवर त्यांचा काही जोर चालत नाही, म्हणून प्रत्येक वायू आपापला दाब स्वतंत्रपणे देतो. हे का व्हावे याचे समाधानकारक उत्तर त्याच्याकडे नव्हते. पुढे वायूंचा गतिज सिद्धान्त आला तेव्हा कण एकमेकांना ढकलत नाहीत, ते नुसते वेगाने इकडेतिकडे धावून भिंतीवर आदळतात, हे स्पष्ट झाले. डाल्टनचे स्पष्टीकरण गेले आणि p वजा f राहिले. कॅव्हेंडिशच्या फ्लॉजिस्टनचेही असेच झाले होते.

त्यानंतरचा भाग लवकर सांगता येतो. दाब, आकारमान आणि तापमान यांना एकाच समीकरणात बांधण्याचे काम १८३४ साली फ्रान्समध्ये क्लापेरॉन याने केले. डाल्टनच्या तक्त्यात त्रुटी होत्या. गोठणबिंदूला त्याने बाष्पदाब ०.२ इंच दिला होता, तो प्रत्यक्षात ०.१८ आहे. पॅरिसमध्ये रेन्यो याने पाण्याचा बाष्पदाब फार काटेकोरपणे मोजला आणि १८४७ साली त्याचे तक्ते छापले गेले. जर्मनीत बुन्सेन याने १८५७ साली वायुमापनाच्या पद्धतींवर ग्रंथ काढला, तोवर वायूचे माप घेतल्यावर वाफेचा दाब वजा करणे ही प्रयोगशाळेची नित्याची शिस्त झाली होती. १८७८ साली व्हिक्टर मायर याने झुरिकमध्ये बाष्पशील पदार्थाची वाफ करून तिने बाहेर ढकललेली हवा पाण्यावर मोजायची आणि त्यावरून रेणुभार काढायचा, अशी पद्धत दिली. तिच्या गणितातही p वजा f हाच गाभा आहे.

ही वजाबाकी कागदावर सोपी असली तरी हातून चुकते, आणि ती कशी चुकते हे कॅव्हेंडिशच्या मांडणीतूनच कळते. पहिली अडचण पातळीची. भांड्यातला दाब बाहेरच्या हवेइतका तेव्हाच असतो जेव्हा भांड्याच्या आतले आणि बाहेरचे पाणी एका पातळीत असते. आतले पाणी बाहेरच्यापेक्षा २० सेंटिमीटर वर उभे असेल, तर तेवढ्या पाण्याचे वजन आतला दाब कमी करते. पारा पाण्यापेक्षा १३.६ पट भारी आहे, म्हणून २०० मिलिमीटर पाणी म्हणजे १४.७ मिलिमीटर पारा. थंड खोलीतल्या बाष्पदाबापेक्षा ही चूक मोठी आहे. वाफ वजा केली आणि पातळी जुळवली नाही, तर लहान चूक काढून मोठी तशीच ठेवली असे होते. भांडे उचलून किंवा बुडवून दोन्ही पातळ्या एका रेषेत आणाव्यात, आणि ते शक्य नसेल तर पाण्याच्या उंचीला १३.६ ने भागून तेवढा दाब हवेच्या दाबातून कमी करावा.

दुसरी अडचण तापमानाची. जस्त आणि आम्ल यांची क्रिया उष्णता देते, त्यामुळे निघालेला वायू गरम असतो. तो टबातल्या पाण्याच्या तापमानाला येईपर्यंत थांबावे लागते. तक्त्यातला बाष्पदाब बघायचा तो पाण्याच्या तापमानाचा, आणि PV = nRT मध्ये घालायचे तेही तेच तापमान. घाईत घेतलेल्या मापाचे लक्षण असे, की थोड्या वेळाने पुन्हा वाचले तर आकारमान घटलेले दिसते. दोन वाचनांत फरक पडत नाही तोवर माप धरू नये.

तिसरी अडचण कॅव्हेंडिशने स्वतः ओळखली होती. पाणी वायू धरते तसे काही वायू पाण्यात जातातही. हायड्रोजन फारच थोडा विरघळतो, म्हणून तो पाण्यावर सुखाने मोजता येतो. कार्बन डायॉक्साइड मात्र पाण्यात भरपूर विरघळतो, आणि मोजत असतानाच त्याचे आकारमान कमी होत जाते. त्यासाठी कॅव्हेंडिशने पाण्याऐवजी पारा वापरला, आणि पुढे जोसेफ प्रीस्टली यानेही पाऱ्यावरच पाण्यात विरघळणारे अनेक वायू पहिल्यांदा पकडले. पाऱ्यावर धरलेल्या वायूत वाफ वजा करण्याचा प्रश्न येत नाही, कारण खोलीच्या तापमानाला पाऱ्याचा बाष्पदाब मिलिमीटरच्या काही हजारांश भागांइतकाच असतो. टबात शुद्ध पाण्याऐवजी मिठाचे दाट पाणी असले तर त्याचा बाष्पदाब शुद्ध पाण्यापेक्षा कमी असतो, आणि पुस्तकातला तक्ता तिथे जास्त वजा करायला लावतो. हेही लक्षात ठेवावे.

लंडनच्या थंड खोलीत वाफ सव्वा टक्क्याखाली राहिली, म्हणून ती इतकी वर्षे निसटली. आपल्याकडे ती निसटत नाही. समजा एक ग्रॅम जस्त पुण्यात आम्लात टाकले. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, तिथला हवेचा दाब ७१२ मिलिमीटर धरू, आणि पाण्याचे तापमान २५ अंश. त्या तापमानाला बाष्पदाब २३.८ मिलिमीटर, म्हणजे हायड्रोजनसाठी उरतात ६८८.२. जस्ताचे मोल तेच, ०.०१५३. तापमान २९८ केल्व्हिन. आकारमान ४१३ मिलिलिटर येते. वाफ विसरली तर ३९९ येईल. चौदा मिलिलिटरचा हा फरक कॉलेजच्या साध्या मोजनळीतही नजरेला दिसतो. पुण्याच्या विद्यार्थ्याला ४१३ मिळाले आणि त्याने वाफ न काढता उलट गणित केले, तर त्याला एक ग्रॅमऐवजी १.०३५ ग्रॅम जस्त टाकल्यासारखे दिसेल, आणि आपले जस्त साडेतीन टक्के जास्त शुद्ध कसे निघाले या विचारात तो पडेल. शंभर टक्क्यांहून अधिक शुद्धता किंवा अधिक उत्पादन दिसले, तर सगळ्यांत आधी वाफ वजा केली होती का हे बघावे.

आपल्या प्रयोगशाळेत हा प्रयोग करणाऱ्यांना आणि तो शिकवणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे. वहीत नुसते आकारमान लिहू नका. त्या दिवसाचा बॅरोमीटर, टबातल्या पाण्याचे तापमान आणि दोन्ही पातळ्यांतले अंतर, हे तीन आकडे त्याच ओळीत लिहा. मग आधी दाबातून वाफ काढा आणि नंतरच PV = nRT ला हात घाला.